स्ट्रिपवरून अँटिबायोटिकचं घराणं कसं ओळखायचं, आणि कोर्स मोजून पुरा कसा करायचा

"ताई, मागच्या वेळी दिलेल्या त्या लाल पाकिटातल्या गोळ्या द्या. घशाला लगेच गुण आला होता." मेडिकलच्या काउंटरवर मी हे वाक्य सतत ऐकते. लाल पाकिटात पेनिसिलिन गटाची गोळी असू शकते, अ‍ॅसिडिटीची असू शकते, रक्तदाबाचीही असू शकते. शिवाय एकच औषध दहा कंपन्या दहा नावांनी विकतात. म्हणून रंग आणि ब्रँड या दोन्ही खुणा बाजूला ठेवून स्ट्रिप वाचायला शिकावं. अर्ध्या तासात जमेल असं ते काम आहे. मात्र त्याचा उपयोग स्वतःच औषध ठरवण्यासाठी करायचा नाही. हातात आलेलं औषध कुठल्या घराण्यातलं आहे, ते आपल्याला चालतं का आणि ते कसं घ्यायचं, एवढं कळण्यासाठी ते वाचन आहे.

आधी मूळ नाव शोधा

स्ट्रिपची फॉइलची बाजू वर करा. तिथे ब्रँडचं नाव दिसतं. त्याच्याच वर किंवा खाली औषधाचं मूळ नाव असतं आणि त्यामागे 'टॅब्लेट्स आयपी' किंवा 'कॅप्सूल्स आयपी' असं छापलेलं असतं. आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, भारतीय औषधांचा अधिकृत मानकग्रंथ. ही दोन अक्षरं सापडली की त्यांच्या आधीचं नाव हे मूळ नाव समजायला हरकत नाही.

त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'प्रत्येक गोळीत काय आहे' ती ओळ असते. खरी माहिती तिथे मिळते. ऑगमेंटिन ६२५, क्लॅव्हॅम ६२५, मॉक्सिकाइंड-सीव्ही ६२५ ही तीन वेगळ्या कंपन्यांची पाकिटं घ्या. तिन्हींवर तीच ओळ दिसेल: अमॉक्सिसिलिन ५०० मिलिग्रॅम आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड १२५ मिलिग्रॅम. ५०० आणि १२५ मिळून ६२५, म्हणून नावापुढे तो आकडा. म्हणजे एका डॉक्टरांनी एक ब्रँड लिहिला आणि घरात दुसरा पडलेला असेल, तर ती दोन औषधं नाहीत, एकच आहे. दोन्ही एकदम चालू केली तर डोस दुप्पट होतो. ही चूक दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्या घरांत हमखास दिसते.

मूळ नावाला चिकटून 'ट्रायहायड्रेट', 'डायहायड्रेट', 'हायड्रोक्लोराइड' असे शब्द येतात. ते औषधाच्या क्षाराचं वा स्फटिकाचं रूप सांगतात. घराणं ओळखताना ते सोडून द्यायचे.

आता नावाचा शेवट वाचा

औषधांच्या मूळ नावांना आडनावं असतात असं म्हणायला हरकत नाही. फक्त ती वेगळी न लिहिता नावाच्या शेवटी जोडलेली असतात.

शेवटी 'सिलिन' आलं, इंग्रजीत सी-आय-डबल एल-आय-एन, की औषध पेनिसिलिन घराण्यातलं. अमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन ही नेहमीची नावं. काही भारतीय स्ट्रिपांवर अमॉक्सिसिलिनच्या स्पेलिंगमध्ये मधल्या आयऐवजी वाय असतो. औषध तेच.

शेवटी 'थ्रोमायसिन' आलं, की मॅक्रोलाइड. अ‍ॅझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, रॉक्सिथ्रोमायसिन. अ‍ॅझिथ्राल आणि अ‍ॅझी हे ब्रँड यातलेच.

शेवटी 'फ्लॉक्सासिन' आलं, की फ्लुरोक्विनोलोन. सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. जुलाबासाठी दिल्या जाणाऱ्या जोडगोळ्यांत ऑफ्लॉक्सासिनबरोबर ऑर्निडाझोल असतं. तिथे दोन घराणी एकाच गोळीत असतात, म्हणून घटकांची ओळ शेवटपर्यंत वाचायची.

चौथं एक घराणं शेवटावरून नाही तर सुरुवातीवरून ओळखतात. नाव 'सेफ'ने सुरू झालं, जसं सेफिक्झिम, सेफ्युरॉक्झिम, सेफॅलेक्सिन, की ते सेफॅलोस्पोरिन. हे पेनिसिलिनचं भाऊबंद घराणं आहे. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना सेफॅलोस्पोरिन चालतं, पण सगळ्यांना नाही. अ‍ॅलर्जी किती गंभीर होती आणि सेफॅलोस्पोरिन नेमकं कोणतं, यावर ते ठरतं. तो निर्णय डॉक्टरांचाच.

एका ठिकाणी लोक हमखास फसतात. नुसतं 'मायसिन' पाहून मॅक्रोलाइड समजू नका, आधीचं 'थ्रो' पाहिजेच. क्लिंडामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, व्हँकोमायसिन ही तिन्ही वेगवेगळ्या घराण्यांतली औषधं आहेत. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली उभा राहिला. तिथल्या संशोधकांनी पिंपरीच्या मातीतल्या जिवाणूपासून हमायसिन नावाचं औषध शोधलं. नावात 'मायसिन' आहे, पण ते बुरशीवरचं औषध आहे, जिवाणूंवर ते चालत नाही. 'झोल'चंही तसंच. मेट्रोनिडाझोल जिवाणू आणि अमिबावर, फ्लुकोनाझोल बुरशीवर, आणि पँटोप्राझोल तर अ‍ॅसिडिटीवर.

स्ट्रिपच्या डाव्या बाजूची उभी लाल रेघ आणि लाल चौकट यांच्याबद्दलही खूप गैरसमज आहेत. लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असं औषध. अँटिबायोटिकवर ती असते, पण इतर औषधांवरही असते. लाल चौकटीतली 'शेड्यूल एच१'ची सूचना १ मार्च २०१४ पासून लागू झाली. त्या यादीत सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन आहेत, टीबीची औषधं आहेत आणि झोपेच्या काही गोळ्याही आहेत. ही औषधं देताना आम्हाला डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते वहीत लिहावं लागतं आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. म्हणून चिठ्ठी मागितली की रागावू नका. उलट अमॉक्सिसिलिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन एच१ यादीत नाहीत. चौकट नाही म्हणजे औषध सौम्य, असा अर्थ त्यातून काढायचा नाही.

कापलेली स्ट्रिप घेताना

चार-सहा गोळ्या हव्या असतील तर स्ट्रिप कापून मिळते, आणि अनेकदा नाव एका तुकड्यावर आणि मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर जाते. कापण्याआधी पूर्ण स्ट्रिपच्या फॉइलच्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा. नाव, घटकांची ओळ, बॅच नंबर आणि मुदत एकाच फोटोत आली पाहिजेत. बिलही मागा, त्यावर बॅच नंबर असतो. पुढे अंगावर पुरळ उठलं आणि डॉक्टरांनी विचारलं, "काय घेतलं होतं?" तर दाखवायला हा फोटोच कामाला येतो.

घराणं कळल्यावर काय बदलतं: एक उदाहरण

समजा बासष्ट वर्षांचे एक काका आहेत. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे, हाडांसाठी रोज कॅल्शियम आहे. लघवीला जळजळ सुरू झाली. डब्यात मागच्या वर्षीच्या चार गोळ्या उरल्या आहेत, तुकड्यावर फक्त '...फ्लॉक्सासिन ५००' एवढंच दिसतंय. काका म्हणतात, "तेव्हाही हाच त्रास होता, याच घेतो."

शेवट वाचला की घराणं कळलं, फ्लुरोक्विनोलोन. आता तीन गोष्टी लगेच पुढे येतात.

पहिली, साखर. या घराण्यातली औषधं मधुमेहींची साखर वरखाली करू शकतात, आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर ती धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. घरचे ती तापावर ढकलतात.

दुसरी, कॅल्शियम. फ्लुरोक्विनोलोन पोटात कॅल्शियम, लोह, झिंक आणि अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधातल्या मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमला चिकटतं, आणि मग ते रक्तात पुरेसं पोचतच नाही. गोळी वेळेवर घेऊनही डोस अर्धवट पडतो, आणि बाहेरून काहीच कळत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन या गोष्टींच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायचं असतं. ते नुसत्या दुधाबरोबर किंवा दह्याबरोबरही घेऊ नये.

तिसरी, स्नायूबंध. टाचेच्या मागचा जाड स्नायूबंध या औषधांनी दुखावतो, क्वचित तुटतोही. साठीपुढच्या माणसांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. टाचेच्या मागे दुखायला लागलं तर पुढचा डोस न घेता डॉक्टरांना फोन करायचा. अशाच त्रासांमुळे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१६ साली सांगितलं की सायनस, खोकल्याचा ब्रॉन्कायटिस आणि साधा मूत्रमार्गाचा संसर्ग यांत दुसरा पर्याय असेल तर हे घराणं वापरू नये.

आणि काकांच्या चार गोळ्यांचा सगळ्यात मोठा तोटा वेगळाच आहे. पुरुषाला या वयात लघवीचा संसर्ग झाला तर डॉक्टर बहुधा लघवीची कल्चर तपासणी सांगतात, म्हणजे नमुन्यातला जिवाणू वाढवून तो कोणत्या औषधाला दबतो ते पाहतात. नमुना अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावा लागतो. दोन गोळ्या पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात जिवाणू बऱ्याचदा वाढतच नाही, रिपोर्ट कोरा येऊ शकतो, जंतू मात्र आत तसाच. म्हणून काकांनी आधी डॉक्टरांकडे जावं, ग्लिमेपिराइड आणि कॅल्शियमचं नाव सांगावं, नमुना द्यावा आणि मग लिहून दिलेलं औषध सुरू करावं. कल्चरचा रिपोर्ट आला की त्यात औषधांची लांब यादी असते आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर असं अक्षर. एस म्हणजे जंतू त्या औषधाला दबतो, आर म्हणजे दाद देत नाही. शेवट वाचता येत असतील तर 'फ्लॉक्सासिन'वाल्या ओळींपुढे आर आलं आहे का हे काकांना स्वतःला दिसेल, आणि आलं असेल तर मागच्या वर्षीची गोळी आता का नको तेही.

याच घराण्याबद्दल आणखी एक. फ्लुरोक्विनोलोन क्षयरोगाच्या जंतूवरही काही अंशी चालतं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या माणसाने ते मनाने घेतलं तर तात्पुरतं बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडणं अवघड होतं आणि निदान पुढे ढकललं जातं. आपल्याकडे ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही.

मॅक्रोलाइडच्या बाबतीत हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगायचं. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन असेल तर कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचंही सांगायचं, कारण त्या जोडीने स्नायूंना इजा होऊ शकते. पेनिसिलिनच्या बाबतीत प्रश्न एकच, पण तो कधीही सोडायचा नाही: आधी कधी अ‍ॅलर्जी आली होती का? आली असेल तर घरातल्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. औषधाचं मूळ नाव, नेमकं काय झालं (पित्ताच्या गांधी, ओठ सुजणं, दम लागणं की नुसती मळमळ), गोळीनंतर किती वेळाने झालं आणि कोणत्या साली. 'पेनिसिलिन चालत नाही' एवढंच लिहिलं तर डॉक्टरांना मळमळ आणि जीवघेणी अ‍ॅलर्जी यांत फरक करता येत नाही.

कोर्स: आधी मोजा, मग सुरू करा

चिठ्ठीवर 'एक-शून्य-एक, सात दिवस' असेल तर गोळ्या चौदा. ६२५ची स्ट्रिप दहाची येते. एकच स्ट्रिप घेऊन गेलात तर पाचव्या दिवशी रात्री औषध संपतं, तोवर ताप उतरलेला असतो, आणि दुकानात परत येणं होत नाही. कोर्स अर्धवट राहण्याचं हे मला सगळ्यात जास्त दिसलेलं कारण आहे. माणसं औषध सोडत नाहीत, ते संपून जातं.

लहान मुलांच्या पातळ औषधात हे आणखी ठळक दिसतं. कोरड्या पावडरची बाटली येते, तीत उकळून गार केलेलं किंवा सोबत दिलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवायचं. तयार औषध ३० मिलिलिटर. डॉक्टरांनी ५ मिलिलिटर दिवसातून दोनदा सांगितलं असेल तर रोज १० मिलिलिटर, म्हणजे बाटली तिसऱ्या दिवशी रिकामी. पाच दिवसांसाठी दोन बाटल्या लागतात. दुसरी बाटली आजच घ्या, पण पाणी पहिली संपल्यावरच घाला. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटचं पाणी घातलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवावं लागतं आणि साधारण सात दिवसच टिकतं. नेमके दिवस बाटलीवर छापलेले असतात. चमचा स्वयंपाकघरातला नको, बाटलीबरोबरचं मापाचं झाकण किंवा सिरिंज वापरा.

मग प्रश्न येतो तो दिवसांचा. बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या कशाला?

घशाचं उदाहरण घेऊ. स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जिवाणूने घसा धरला, डॉक्टरांनी तपासून अमॉक्सिसिलिन दहा दिवस दिलं. दोन-तीन दिवसांत ताप जातो, गिळताना दुखत नाही. पण ताप जाणं आणि टॉन्सिलवरचा जंतू पूर्ण जाणं यात अंतर असतं. तो मागे राहिला तर काही आठवड्यांनी काही मुलांमध्ये संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. दहा दिवस हा आकडा त्या झडपा वाचवण्यासाठी आहे.

शेजारच्या मुलाला मात्र घशासाठी अ‍ॅझिथ्रोमायसिन पाचच दिवस मिळालं, म्हणून आपल्या डॉक्टरांनी उगाच जास्त दिलं असं समजू नका. फरक घराण्याचा आहे. अमॉक्सिसिलिन काही तासांत शरीराबाहेर जातं. अ‍ॅझिथ्रोमायसिन पेशींत साठून राहतं आणि शेवटच्या गोळीनंतरही कित्येक दिवस काम करत राहतं.

यातूनच डोस चुकवण्याचा हिशेबही कळतो. पेनिसिलिन घराणं जंतूभोवती औषधाची पातळी किती वेळ टिकते त्यावर चालतं. 'तीन वेळा' लिहिलेली गोळी सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री आठला घेतली, तर रात्री बारा तासांचं भगदाड पडतं. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा ही वेळ बरी. एखादा डोस विसरला तर आठवल्याबरोबर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर विसरलेला सोडून द्या. दोन गोळ्या एकदम कधीच नाहीत.

आता एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. 'कोर्स पुरा केला नाही तर जंतू मुरतात' हे आपण सरसकट सांगत आलो, पण चित्र तितकं सरळ नाही. प्रत्येक डोस आजाराच्या जंतूबरोबर आतड्यातल्या आणि कातडीवरच्या निरुपद्रवी जिवाणूंवरही पडतो. त्यातले दाद न देणारे मागे उरतात आणि वाढतात. म्हणजे गरजेपेक्षा जास्त दिवस घेतलेलं औषधही प्रतिकार वाढवतं. अनेक आजारांत, अगदी काही प्रकारच्या न्यूमोनियातही, पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे कोर्स पुरतात असं अभ्यासांतून दिसलं आहे. त्याच वेळी स्ट्रेप्टोकॉकसचा घसा, विषमज्वर, हाडातला संसर्ग, क्षयरोग यांत औषध आधी थांबवलं तर आजार उलटतो. आपला आजार यातला कोणता हे घरबसल्या कळत नाही. म्हणून पूर्ण कोर्स म्हणजे डॉक्टरांनी लिहिलेले दिवस, ना एक कमी, ना एक जास्त. तिसऱ्या दिवशी ठणठणीत वाटलं तर फोन करून विचारा, "डॉक्टर, आता थांबवू का?" रिपोर्टमध्ये आजार विषाणूचा निघाला तर डॉक्टर स्वतःच थांबवायला सांगतील. मग थांबवायचं, कोर्स पुरा करण्याच्या हट्टाने गिळत राहायचं नाही.

डोस थांबवून लगेच फोन करायचे प्रसंग

अंगभर गांधी, ओठ-डोळे-चेहरा सुजणं, श्वासाला त्रास: थांबा आणि सरळ दवाखाना गाठा, वाट पाहू नका. पाण्यासारखे खूप जुलाब किंवा शौचात रक्त: फोन करा, आणि जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नका. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटने पोट थोडं पातळ होणं नेहमीचं आहे. जेवणाच्या सुरुवातीला गोळी घेतली तर ते कमी होतं, त्यासाठी कोर्स सोडू नये. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर ती परत घ्यायची की नाही ते विचारून घ्या. आणि दोन-तीन दिवस नीट डोस घेऊनही ताप तसाच असेल, तर दुसरं अँटिबायोटिक मागायला मेडिकलमध्ये येऊ नका, ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडे स्ट्रिपचा फोटो घेऊन जा.

डॉक्टरांनी औषध मध्येच बदललं तर जुन्या गोळ्या उरतात. त्या औषधांच्या डब्यात ठेवू नका, पुढच्या वर्षी कुणीतरी त्या काढतंच. पातळ औषधाची उरलेली बाटली, मुदत दिसत असली तरी, पाणी घातल्याच्या तारखेपासून दिवस मोजून टाकून द्या. पाणी घालताना ती तारीख बाटलीवर पेनाने लिहून ठेवली की झालं.